घरी निवेदन रेकॉर्ड करतेय, ‘डब्यात बोलल्यासारखं’ म्हणून फाईल परत आली

वडगावची_लेक | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार. मी बेळगावात वडगावला राहते. पुण्याच्या एका संस्थेसाठी मराठी गोष्टींचं वाचन करायचं काम मिळालंय. पहिला भाग पाठवला तो परत आला. त्यांनी दोन कारणं लिहिली आहेत. एक, आवाज डब्यात बोलल्यासारखा घुमतो. दोन, मी गप्प असते तेव्हाची खरखर -४४ आहे, ती -६० च्या खाली पाहिजे. सरासरी पातळी -२३ ते -१८ च्या मध्ये आणि सगळ्यात मोठा आवाज -३ च्या वर नको, अशीही अट आहे. या आकड्यांपुढे डीबी लावायचं एवढं मला समजलं.

माझ्याकडे आहे ते असं. लॅपटॉपला थेट लागणारा यूएसबी कंडेन्सर माईक, दोन हजार दोनशेचा. टेबलावर त्याच्याच छोट्या तिपाईवर ठेवते, शेजारी लॅपटॉप. खोली दहा बाय दहा, खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब, एक खिडकी, एक कपाट. पंखा बंद करते. माईकच्या मागच्या भिंतीवर इंचभर जाडीच्या फोमचे बारा तुकडे चिकटवले. फरक पडला, पण घुमणं गेलं नाही, उलट आवाज आणखी बोदा वाटतो.

आणि आमच्या गल्लीत माग आहेत. दोन घरं सोडून यंत्रमाग चालतात, सकाळपासून रात्री साडेनवापर्यंत.

नवीन माईक घेऊ का? पहिल्या मानधनाएवढे पैसे त्यातच जातील, म्हणून आधी विचारतेय.

---

निपाणीकर | सोमवार, रात्री १०:०५

ताई, माईकला दोष देऊ नका. आधी लेव्हल बघा. विंडोजमध्ये माईकचा स्लायडर १०० वर न्या, `Microphone Boost` दिसत असेल तर तोही वाढवा. आवाज दणदणीत आला की खरखर त्यात झाकून जाते. उरलेली ऑडॅसिटीतल्या `Noise Reduction` ने धुऊन टाका. मी आमच्या तरुण मंडळाच्या सगळ्या जाहिराती अशाच करतो. आणि भिंतीला अंड्यांचे ट्रे लावा, बेकरीवाला फुकट देतो.

---

पडद्यामागचा | सोमवार, रात्री ११:२०

निपाणीकर, लेव्हल आधी बघायची हे तुमचं बरोबर. पण वाढवून खरखर झाकली जात नाही. स्लायडर वर नेला की ताईंचा आवाज जितका वाढतो तितकीच खोलीची खरखर वाढते. दोघांमधलं अंतर आहे तेवढंच राहतं. चौकातल्या जाहिरातीत मागे ढोलकी असते म्हणून ते कळत नाही. गोष्टीच्या वाचनात दोन वाक्यांच्या मधे शांतता असते, तिथे सगळं उघडं पडतं.

मी बरीच वर्षं हौशी नाटकांचं ध्वनिसंयोजन केलं, घरी रेकॉर्डिंगही करतो. वडगावची_लेक, तुम्ही आकडे दिलेत त्याबद्दल बरं वाटलं. आता एकच आकडा डोक्यात ठेवा: तुमची सरासरी आणि तुमची शांतता यांतला फरक. संस्थेला सरासरी -२० च्या आसपास आणि शांतता -६० च्या खाली पाहिजे, म्हणजे फरक चाळीसचा. तो चाळीस असेल तर बाकी सगळं नंतर जमवता येतं. नसेल तर कुठलाही स्लायडर तो देणार नाही.

मोजायचं असं. तीस सेकंद वाचा, मग दहा सेकंद श्वाससुद्धा हळू घेऊन गप्प बसा. ऑडॅसिटीत `Analyze` मध्ये `Contrast` आहे. वाचलेला भाग निवडून `Foreground` ला मोजा, गप्प भाग निवडून `Background` ला मोजा. खाली फरक येतो. तो इथे लिहा. आणि हेही सांगा: माईक तोंडापासून किती लांब आहे? टेपने मोजून सांगा, अंदाजे नको.

---

कणकुंबीचा_पाऊस | सोमवार, रात्री ११:४५

मध्येच विचारतो, माफ करा. मी कणकुंबीचा. आमच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग मोबाईलवर करतो, पेटी वाजली की आवाज फाटतो. साउंडप्रूफ करायला किती खर्च येईल? पावसाळ्यात आमच्या पत्र्यावर असा पाऊस पडतो की बोललेलं ऐकू येत नाही.

---

येळ्ळूरचा_मास्तर | मंगळवार, सकाळी ६:५०

पाऊसदादा, तुमचे प्रश्न दोन आहेत आणि दोन्ही इथल्यापेक्षा वेगळे आहेत. पेटी फाटते ती खोलीमुळे नाही, फोन फार जवळ आहे म्हणून. पेटीपासून दोन हात लांब ठेवा, आणि लेव्हल पेटीच्या सगळ्यात मोठ्या सुरावर लावा, गाणाऱ्याच्या हळू ओळीवर नाही. पत्र्यावरच्या पावसाला उपाय नाही. तो आवाज वरपासून खालपर्यंत सगळ्या सुरांत पसरलेला असतो, त्यामुळे नंतर काढायला गेलं की गाणाऱ्याचा गळाही त्याच्याबरोबर जातो. जूनच्या आधी करून घ्या.

आता मूळ प्रश्नाला एक. खोली घुमणं आणि बाहेरचा आवाज आत येणं ही दोन वेगळी दुखणी आहेत, औषधही वेगळं. गोधडीनं घुमणं कमी होतं, माग थांबत नाही. माग थांबवायला वजन लागतं: जाड भिंत, फट नसलेलं दार. अंड्यांचा ट्रे कागदाचा, त्याला ना वजन ना जाडी. तो दोन्ही कामांचा नाही, आणि ठिणगी पडली तर पेट घेतो. मुलांच्या घरात लावू नका.

---

वडगावची_लेक | मंगळवार, रात्री १०:१०

मोजलं. सरासरी -२४, शांतता -४४. फरक वीस.

माईक तोंडापासून ६० सेंटीमीटर आहे. वाचायचे कागद मध्ये ठेवायला जागा लागते म्हणून. माईकच्या अंगावरचं बटण पूर्ण फिरवलेलं आणि विंडोजमध्ये १००. गोष्टीत एक म्हातारी नातवाला हाक मारते, तिथे आलेख वरच्या रेषेला लागून सपाट झालाय. तिथेच विंडोजचा स्लायडर ५० वर आणून पाहिलं. आवाज लहान झाला, पण हाक तशीच चिरकली.

---

पडद्यामागचा | मंगळवार, रात्री ११:००

इथेच सगळं आहे. तुमची हाक चिरकली ती माईकच्या आत, त्याच्या बटणापाशी. विंडोजचा स्लायडर त्याच्या पुढे आहे. आधी फाटलेला आवाज पुढे लहान केला तर फाटलेलाच लहान होऊन मिळतो. आलेखाची टोकं पठारासारखी सपाट दिसतात पण वरच्या रेषेच्या खाली असतात, ही त्याची खूण. दुरुस्ती नाही, पुन्हा म्हणावं लागतं. म्हणून आधी माईकचं बटण कमी करायचं, स्लायडरला नंतर हात लावायचा. काही यूएसबी माईकमध्ये बटण आणि स्लायडर एकच काम करतात, पण तुमच्यात ते वेगळे आहेत हे तुम्ही स्वतःच करून दाखवलंत.

आता अंतर. ६० वरून ३० वर आलात तर तुमचा सरळ आवाज माईकला सहा डीबी जास्त पोचतो. ३० वरून १५ वर आलात तर आणखी सहा. खोलीची खरखर मात्र आहे तेवढीच, कारण ती कुठे जवळ आली नाही. म्हणजे नुसतं पुढे सरकून बाराच्या आसपास फरक मिळतो. घुमणाऱ्या खोलीत पूर्ण बारा मिळत नाहीत. ६० सेंटीमीटरवर तुमच्या आवाजात भिंतीवरून परत आलेला आवाजही मिसळलेला होता, तो आता वाढणार नाही. आणि घुमणं कमी ऐकू येतं तेही याच कारणानं.

१५ सेंटीमीटर म्हणजे अंगठा आणि करंगळी ताणून एक वीत, त्यातून थोडं कमी. एवढ्या जवळ आलं की फ, भ, ख, थ यांचा वारा माईकवर आदळतो. आपल्या भाषेत ही अक्षरं पावलोपावली येतात. ‘भाऊ फार थकला’ म्हणून बघा. म्हणून माईक तोंडासमोर सरळ नको. ओठांच्या कोपऱ्याच्या बाजूला, थोडा वर, पण तोंडाकडे वळवलेला. तुमचा श्वास त्याच्या शेजारून निघून जाईल. मध्ये भरतकामाच्या रिंगवर जुना पायमोजा ताणून लावा, दोन थर, माईकपासून चार बोटं अलीकडे.

मग लेव्हल: सगळ्यात जोराची ओळ, तीच म्हातारीची हाक, खऱ्या जोरात म्हणा. तिचं टोक -९ च्या आसपास आलं पाहिजे. वाचताना माणूस चाचणीपेक्षा जोरात बोलतो, तेवढी जागा वर ठेवायची.

---

टिळकवाडी_ताई | बुधवार, दुपारी २:१५

मी जाहिरातींना आवाज देते. माझं मत थोडं वेगळं आहे. वडगावात, मागांच्या गल्लीत कंडेन्सर नकोच. डायनॅमिक माईक घे. तो बाहेरचा आवाज उचलतच नाही. माझ्याकडे डायनॅमिक आहे, खाली रिक्षा गेली तरी येत नाही.

---

पडद्यामागचा | बुधवार, रात्री ९:३०

टिळकवाडीताई, तुमचा अनुभव खरा आहे, पण त्याचं कारण मला दुसरं दिसतं. डायनॅमिक माईक कमी संवेदनशील असतो, त्यामुळे तुम्ही आपोआप दोन-तीन बोटांवर येऊन बोलता. रिक्षा ऐकू येत नाही ती त्या जवळिकीमुळे. कंडेन्सर दोन बोटांवर ठेवून गेन, म्हणजे माईकचं बटण, तेवढाच उतरवलात तर रिक्षा जवळपास तेवढीच राहील. शिवाय डायनॅमिकला गेन भरपूर लागतो आणि स्वस्त साउंडकार्डचा सूंऽऽ असा आवाज तेव्हाच वर येतो. ताईंना वेगळं साउंडकार्डही घ्यावं लागेल. आत्ता नको.

---

टिळकवाडी_ताई | बुधवार, रात्री ९:५२

सूंऽऽ येतो हे खरं, म्हणूनच मी साउंडकार्ड बदललं. पण घुमणाऱ्या खोलीत डायनॅमिक बरा वाटतो यावर मी ठाम आहे. कंडेन्सरला वरचे बारीक आवाज फार ऐकू येतात, भिंतीवरचेही. दोन्ही शेजारी ठेवून ऐकलंय मी.

---

पडद्यामागचा | बुधवार, रात्री १०:०४

वरच्या बारीक आवाजांचं मान्य. ते आहेच.

---

वडगावची_लेक | गुरुवार, रात्री १०:४०

टेपने मोजून १५ वर आले. कागद काढले, गोष्ट मोबाईलवर घेऊन मोबाईल पुस्तकांच्या चळतीला टेकवला. पानांची सळसळ गेली हा वेगळाच फायदा झाला. माईकचं बटण निम्म्यावर. हाकेचं टोक -९. फरक एकतीस आला.

भ आणि फ चा धक्का रिंग लावल्यावर गेला. ‘ख’ ला अजून थोडा लागतो.

पण घुमतंय. पूर्वीपेक्षा कमी, तरी ‘थांब’ म्हटल्यावर ‘ब’ च्या मागे एक शेपूट ऐकू येतं. फोम तर लावलाय ना भिंतीला?

---

येळ्ळूरचा_मास्तर | शुक्रवार, सकाळी ७:१५

फोम चुकीच्या भिंतीला आहे, आणि पातळ आहे.

तुमचा माईक समोरून ऐकतो, पाठीमागून फार कमी. त्याचं तोंड कुणाकडे आहे? तुमच्याकडे. आणि तुमच्या पाठीमागे काय आहे? उघडी भिंत. तुमचा आवाज खोलीभर फिरून त्या भिंतीवर येतो आणि तिथून सरळ माईकच्या तोंडात जातो. माईकच्या मागची भिंत त्याला त्या मानाने कमी ऐकू येते. म्हणून पहिली गोधडी वाचणाऱ्याच्या पाठीशी. लोक माईकभोवती फोम लावतात कारण माईक डोळ्यासमोर असतो.

जाडीचं असं आहे. इंचभर फोम फक्त वरचा झणझणीत आवाज खातो. छातीतून येणारा खालचा आवाज त्यातून आरपार जातो आणि भिंतीवरून परत येतो. म्हणजे आवाजाची चमक गेली आणि घुमणं तसंच राहिलं. तुम्हाला जो बोदेपणा वाटला आणि संस्थेला जो ‘डबा’ वाटला, तो हाच. फोम काढून पाहा, डबा थोडा कमी वाटेल.

घरात वाकळ आहे का? आजीच्या हातची, जाड. दुहेरी घडी करून दोरीवर टांगा, भिंतीला चिकटवू नका, वीतभर पुढे. मधली मोकळी जागाही काम करते. तेवढंच कापड भिंतीपासून लांब असलं की थोडे खालचे आवाजही पकडतं.

---

वडगावची_लेक | शुक्रवार, रात्री ११:३०

वाकळा दोन आहेत, सासूबाईंच्या हातच्या, जुन्या साड्यांच्या. कपाटाच्या कोपऱ्यापासून खिडकीच्या गजापर्यंत नायलॉनची दोरी बांधली, पाठीशी दोन्ही टांगल्या. डाव्या हाताला कापसाची गादी उभी केली. कपाटाचं दार उघडं ठेवलं, आत साड्या लटकतात. टेबलावर जाड टॉवेल. फोम सगळा काढला.

‘थांब’ म्हटलं, शेपूट जवळजवळ गेलं. हेडफोन लावून बसले होते, दोनदा ऐकलं. सासूबाईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, आता तू खोलीत नाहीस, माझ्या कानापाशी बसून सांगायलीस असं वाटतंय.

टाळी वाजवली तर मात्र वरून ‘ट्रिंग’ असं येतं अजून.

---

पडद्यामागचा | शनिवार, सकाळी ८:००

ते स्लॅब आणि फरशी यांच्यामधलं आहे, दोन्ही कडक आणि समोरासमोर. पायाखाली सतरंजी टाका. टाळीला ऐकू येतं ते सगळं वाचनात ऐकू येतंच असं नाही, टाळी फार तीक्ष्ण असते. निर्णय ‘थांब’ वर करा.

आणि खोलीच्या बरोबर मधोमध बसू नका. दहा फुटांच्या खोलीत ठराविक खालचे सूर मध्यावर फुगतात किंवा बुडतात. मध्यापासून दीड-दोन फूट सरका.

आता शांतता. पंखा बंद आहे म्हणता, पण लॅपटॉपचा पंखा? तो माईकच्या शेजारीच आहे. यूएसबीची तार जाईल तितका लांब ठेवा, खाली, गादीच्या पलीकडे. चार्जर काढून बॅटरीवर चालवा. चार्जर लावून आणि काढून दहा-दहा सेकंद शांतता रेकॉर्ड करा आणि तुलना करा. जुन्या वायरिंगच्या घरात अर्थिंग नीट नसलं की ५० हर्ट्झची घूं येते, कधी बारीक शिट्टीही. आणि माईकच्या तिपाईखाली चौपदरी टॉवेल ठेवा. तुमचा माग हवेतून येतो त्यापेक्षा जमिनीतून टेबलात, टेबलातून तिपाईत येत असणार.

विंडोजमध्ये माईकच्या पानावर `Audio enhancements` बंद आहे का तेही बघा. ते चालू असलं की काही लॅपटॉपमध्ये गप्प बसल्यावर खरखर हळूहळू फुगते आणि बोलायला लागलं की दबते. मोजणीच खोटी पडते.

---

वडगावची_लेक | शनिवार, रात्री १०:५०

Audio enhancements चालू होतं. बंद केलं. लॅपटॉप खाली, बॅटरीवर. टॉवेल, सतरंजी.

माग बंद झाल्यावर मोजलं: सरासरी -२८, शांतता -६६. फरक अडतीस.

शांतता -६० च्या खाली आली! पाठवू का?

---

पडद्यामागचा | शनिवार, रात्री ११:१५

थांबा, पाठवू नका. सरासरी -२८ आहे, त्यांना -२० च्या जवळ पाहिजे. तुम्ही सगळं आठने वर उचलणार, तेव्हा शांतताही आठने वर येणार. -६६ ची -५८ होईल आणि फाईल पुन्हा परत येईल. बरेच जण इथेच चकतात. कच्ची फाईल मोजतात, पाठवतात दुसरीच. म्हणून मी पहिल्या दिवशी चाळीसचा फरक म्हणालो. तुम्ही दोननं कमी आहात.

ते दोन असे मिळतील. `High-Pass Filter` ८० हर्ट्झवर लावा. तुमच्या गळ्यात त्याच्याखाली काही नाही, पण मागाची घरघर आणि जमिनीचा कंप तिथेच आहे. मग पुन्हा मोजा. चाळीस ओलांडला तर `Noise Reduction` ला हातच लावू नका. नाही ओलांडला तर सहा डीबीपर्यंत, त्याहून जास्त नाही.

मग क्रम: `Loudness Normalization` मध्ये RMS निवडून -२०. त्यानंतर `Limiter` -३.५ वर, कारण उचलल्यावर तुमच्या हाकेचं टोक -९ वरून -१ वर येणार. शेवटी, तयार झालेल्या फाईलवर परत `Contrast`.

---

निपाणीकर | रविवार, सकाळी ९:३०

हे उचलल्यावर खरखर पण वर येते हे मी कधी मोजलंच नव्हतं. पण सहाच का? मी २४ लावतो, एकदम चकाचक होतं.

---

येळ्ळूरचा_मास्तर | रविवार, सकाळी १०:१०

जाहिरातीत संगीताखाली चालत असेल. नुसत्या आवाजावर २४ लावून हेडफोननं ऐका. शब्दांची शेवटं पाण्याखालून आल्यासारखी होतात, ‘स’ आणि ‘श’ ची धार जाते, श्वास किलबिलल्यासारखा येतो. यंत्राला खरखरीचा नमुना देतो तेव्हा तो एकसारखा असावा लागतो, लॅपटॉपच्या पंख्यासारखा. माग एकसारखा नाही. धोटा इकडून तिकडे जातो, मिनिटाला शंभराच्या वर ठोके. ठोका नमुन्यात बसत नाही, तो तसाच राहतो आणि भोवतालचं तेवढं खरवडलं जातं.

---

वडगावची_लेक | रविवार, रात्री ११:५५

८० चा फिल्टर लावला. फरक त्रेचाळीस. `Noise Reduction` लावलंच नाही. उचलून, लिमिटर लावून शेवटी मोजलं: सरासरी -२०.२, शांतता -६३, टोक -३.५. आता पाठवते.

पण एक अडचण आहे. हे सगळं रात्री दहानंतरचं. सकाळी सातला मुलाची शाळा, मी किती रात्री जागणार? दिवसा माग चालू असताना तोच फरक एकतीसवर येतो, फिल्टर लावून चौतीस. फिल्टर १०० वर नेला तर छत्तीस.

---

टिळकवाडी_ताई | सोमवार, दुपारी १:००

१०० नको गं. तुझा आवाज मी पहिल्या फाईलमध्ये ऐकला, खालचा आहे. म्हातारी करताना तर आणखी खाली जातेस. १०० वर तिची ऊब जाईल.

---

पडद्यामागचा | सोमवार, रात्री ९:१५

बायकांच्या आवाजाला १०० बहुतेक वेळा चालतं. फिल्टरमधला `Roll-off`, म्हणजे उताराचा आकडा, १२ ठेवून करून बघा, म्हातारीची एक ओळ दोन्ही प्रकारे. पण छत्तीसनं काम होणार नाही हे खरं. खिडकीच्या फटीत कापड कोंबून दोन-तीन मिळतील. जमिनीतून येणारं तेवढ्यानं जाणार नाही.

---

कणकुंबीचा_पाऊस | सोमवार, रात्री ९:४०

ताई, एक सुचतंय. तुमच्याकडे दिवसा लाईट जाते का? आमच्याकडे जाते तेव्हा सगळी गिरणी, पंप, फ्रीज एकदम गप्प होतात. तुमचा लॅपटॉप बॅटरीवर, माईक त्याच्यावरच. लाईट गेली की माग पण बंद ना?

पेटी दोन हात लांब ठेवली. फाटत नाही आता. मास्तरांना सांगा.

---

वडगावची_लेक | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

पाऊसदादा, आज दुपारी सव्वादोनला लाईट गेली. माग थांबले तसं मी ताट बाजूला सारून खोलीत गेले. दोरी, वाकळा बांधलेल्याच होत्या. पंचावन्न मिनिटं मिळाली, अडीच प्रकरणं झाली. मोजलं: फिल्टरनंतर चव्वेचाळीस, रात्रीपेक्षा एक जास्त. फ्रीजचा असावा.

संस्थेचं उत्तर आलं. आकडे सगळे बसले, घुमणंही नाही. पण त्यांनी लिहिलंय की सातव्या मिनिटानंतर आवाज लांब गेल्यासारखा वाटतो. ऐकून पाहिलं, खरंच आहे. मी थकले की मागे टेकते. खुर्चीऐवजी पाठ नसलेलं स्टूल घेऊन बघते, पण दीड तास स्टुलावर बसून वाचायला होईल का ते माहीत नाही. उभं राहून वाचतं का कुणी? माईक तेवढा उंच कशावर ठेवता?